बोअर मारायच्या आधी खडकाची खोली: रेझिस्टिव्हिटी करायची की सिस्मिक रिफ्रॅक्शन?

रिग साइटवर यायच्या आधी खडक साधारण किती खोल आहे ते कळलं तर बोअर कुठं घ्यायचे, किती घ्यायचे, केसिंग किती लागेल हे सगळं आधीच ठरवता येतं. त्यासाठी बहुतेक वेळा दोनच सर्व्हे सुचवले जातात, रेझिस्टिव्हिटी आणि सिस्मिक रिफ्रॅक्शन. दोन्हीचे रिपोर्ट दिसायला सारखेच, एक रंगीत सेक्शन आणि त्यावर खडकाची काळी रेघ, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण ती रेघ दोन्हीकडे अगदी वेगळ्या गोष्टी मोजून काढलेली असते. माझं मत आधीच सांगून टाकतो. फक्त खडकाची खोली हवी असेल तर पहिली पसंती रिफ्रॅक्शनला, पण माती आणि खडकाच्या मध्ये ओल्या मुरमाचा थर असेल तर एकट्या रिफ्रॅक्शनवर विसंबून बोअरची खोली ठरवू नका. असं का, ते खाली आकडे मांडून दाखवतो.

रेझिस्टिव्हिटीत जमिनीत इलेक्ट्रोड ठोकतात, दोनमधून करंट सोडतात आणि दुसऱ्या दोनमध्ये व्होल्टेज मोजतात. आता जमिनीतून करंट वाहतो तो मुख्यतः पाण्यातून आणि चिकणमातीतून, त्यामुळे हा सर्व्हे खरं तर खडकाचा कडकपणा मोजतच नाही, ओल आणि चिकणमाती किती आहे ते मोजतो. ओली चिकणमाती १०-२० ओहम-मीटर दाखवेल आणि ताजा ग्रॅनाइट हजारांत जाईल, म्हणून खडक "दिसतो". रिफ्रॅक्शनमध्ये लोखंडी प्लेटवर घण मारायचा, रेषेत लावलेल्या, जमिनीची थरथर टिपणाऱ्या जिओफोनपर्यंत पहिली हालचाल किती मिलिसेकंदांत पोचली ते बघायचं, आणि त्यावरून लाटेचा वेग काढायचा. कोरड्या सैल मातीत हा वेग ३०० ते ६०० मीटर प्रति सेकंद असतो, पाण्याने भरलेल्या मातीत साधारण १५००, आणि ताज्या कडक खडकात ४००० च्या वर. इथं मोजमाप थेट कडकपणाशी जोडलेलं आहे आणि ड्रिल बिटलाही शेवटी कडकपणाच जाणवतो, म्हणून खोलीसाठी मी रिफ्रॅक्शनला झुकतं माप देतो.

सगळ्यात सोपी केस बघू. वर ६०० वेगाची कोरडी माती, खाली थेट ३००० वेगाचा खडक. घणाजवळच्या जिओफोनवर मातीतून सरळ आलेली लाट आधी पोचते, पण लांबच्या जिओफोनवर खडकात उतरून, वेगाने पळून परत वर आलेली लाट बाजी मारते. अंतर आणि वेळेच्या ग्राफवर ही अदलाबदल ३० मीटरवर दिसली तर दुसऱ्या रेषेचा इंटरसेप्ट, म्हणजे ती रेष मागे वाढवून शून्य अंतरावर मिळणारा वेळ, ४० मिलिसेकंद येतो आणि खालच्या सूत्रात तो ti म्हणून सेकंदांत, मातीचा वेग v1 आणि खडकाचा v2 म्हणून घातला की खोली z, म्हणजे खडक, १२.२ मीटरवर निघतो.

```
z = (ti / 2) * v1 * v2 / sqrt(v2^2 - v1^2)
```

अशा जागी रेझिस्टिव्हिटीवर वेगळा वेळ घालवायची गरजच नाही, रिफ्रॅक्शन करा आणि पुढे चला.

आता खरी अडचणीची केस, जी प्रत्यक्षात फार वेळा भेटते. समजा वर ६ मीटर कोरडी माती आहे (६००), मग ४ मीटर पाण्याने भरलेला, चिकणमाती झालेला मुरूम (१५००), आणि बरोबर १० मीटरवर कडक खडक (४५००). तुम्हाला वाटेल ग्राफवर तीन रेषा दिसतील, पण नाही दिसणार. हिशोब केला तर मुरमातून आलेली लाट मातीतल्या लाटेला १८.३ मीटरवर गाठते, आणि खडकातून आलेली लाट मुरमातल्या लाटेला १४.७ मीटरवरच मागे टाकून बसलेली असते, म्हणजे मुरमाची लाट कुठल्याच जिओफोनवर पहिली पोचत नाही. ग्राफवर फक्त ६०० आणि ४५०० अशा दोन स्वच्छ सुंदर रेषा येतात, इंटरसेप्ट २४.८ मिलिसेकंद, आणि वरचं सूत्र खडक ७.५ मीटरवर आहे असं सांगतं. खरा खडक १० वर. अडीच मीटरची चूक, आणि डेटात कुठेही खोट दिसत नाही, पहिल्या लाटेच्या वेळांचं पिकिंग बरोबर, रेषा सरळ, दुसऱ्या टोकाकडून मारलेला रिव्हर्स शॉटसुद्धा जुळतो. लपलेला थर म्हणतात तो हाच. या उदाहरणात मुरूम सव्वापाच मीटरपेक्षा जाड असता तरच तो पहिल्या लाटेत डोकं वर काढायला लागला असता, आणि २-३ मीटर अंतरावरच्या जिओफोनवर तो नीट ओळखू यायला त्याहूनही जाड लागला असता.

चूक कायम एकाच दिशेने होते हेही ध्यानात ठेवा. मध्ये असा लपलेला थर असेल तर रिफ्रॅक्शन खडक खऱ्यापेक्षा उथळ दाखवतं, म्हणजे केसिंग कमी पडतं आणि काम मध्येच थांबतं.

याच जागी रेझिस्टिव्हिटी केली तर काय होईल? कोरडी माती ३०० ओहम-मीटर, ओला मुरूम २०, खडक २०००. तो मुरूम इथं अजिबात लपत नाही, सेक्शनवर ठळक निळा पट्टा दिसतो, आणि त्याची वरची कड ६ मीटरच्या आसपास बऱ्यापैकी कळते. पण खालची कड, जी आपल्याला हवी आहे, तिथं रेझिस्टिव्हिटी अडकते. करंट त्या चांगल्या वाहक थरात शिरून आडवाच पळतो, आणि वरून मोजताना आपल्याला मुख्यतः जाडी भागिले रेझिस्टिव्हिटी एवढंच गुणोत्तर कळतं. ४ मीटर जाड २० ओहम-मीटरचा थर, ३ मीटर जाड १५ चा थर आणि ६ मीटर जाड ३० चा थर, तिन्हींचा कर्व्ह जवळपास सारखाच येतो. म्हणजे खडक ९ वर की १० वर की १२ वर, हे एकटी रेझिस्टिव्हिटी सांगू शकत नाही. आणि मोजलेल्या आकड्यांवरून थर काढणारं सॉफ्टवेअरचं इन्व्हर्जन शक्यतो रंग हळूहळू बदलत नेतं, धारदार कड दाखवतच नाही, त्यामुळे खडक कुठल्या रंगापासून धरायचा हा निर्णय रिपोर्ट करणाऱ्याचा असतो, मशीनचा नसतो.

पण दोन्ही एकत्र ठेवले की काम सुटतं. रेझिस्टिव्हिटीने सांगितलं की मध्ये ओला थर आहे आणि तो ६ मीटरला सुरू होतो. पाण्याने भरलेला म्हणून त्याचा वेग आपण १५०० धरला. आता रिफ्रॅक्शनच्या २४.८ मिलिसेकंदांपैकी वरच्या ६ मीटर मातीचे १९.८ जातात, उरलेले ५ त्या मुरमाचे, आणि त्याच सूत्रात १५०० आणि ४५०० घातले तर ५ मिलिसेकंद म्हणजे ४ मीटर जाडी. सहा अधिक चार, खडक १० वर. एकट्याने दोघंही चुकत होते किंवा मोघम बोलत होते, पण एकाची उणीव नेमकी दुसऱ्याने भरली. जवळपास जुनी विहीर किंवा उथळ ऑगर होल असेल आणि त्यात पाण्याची पातळी मोजता येत असेल तर वरच्या कडेचं काम तेवढ्यावरही भागू शकतं, मग पूर्ण रेझिस्टिव्हिटी लाइनऐवजी एकाच जागी खोलीप्रमाणे मोजणारं एखाद-दुसरं साउंडिंग घेतलं तरी चालतं.

थर लपला नाही तरी वेगळी चूक होते. ओला थर जाड असेल तर १५०० ची रेषा झकास दिसते आणि नवखा माणूस तिलाच खडक समजतो. रिपोर्टमध्ये "खडकाचा" वेग १४०० ते १६०० दिसला तर आधी पाण्याची पातळी विचारा. झिजलेल्या खडकाचाही वेग तिथपर्यंत उतरू शकतो, त्यामुळे नुसत्या वेगावरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

काही जागी मात्र निवड सरळ असते. वर कडक आणि खाली मऊ असा क्रम असेल, म्हणजे जाड काँक्रीट किंवा सिमेंटसारखा घट्ट झालेला थर आणि त्याखाली मऊ माती, तर त्या मऊ थरावरून लाट वाकून परत येतच नाही. तो थर रिफ्रॅक्शनला दिसत नाही आणि खडक खऱ्यापेक्षा खोल निघतो. तिथं रेझिस्टिव्हिटी घ्या. चुनखडीतल्या चिकणमातीने भरलेल्या पोकळ्या शोधायच्या असतील तरी रेझिस्टिव्हिटीच. याउलट कोरड्या गोट्यांच्या थराखाली कडक खडक असेल तर दोन्हींची रेझिस्टिव्हिटी जास्तच असते, फरक दिसत नाही, आणि चिकणमातीखाली शेल असेल तर दोन्हींची कमी, तेव्हाही तेच. खारं पाणी, जमिनीतले लोखंडी पाइप, तारेचं कुंपण हेही रेझिस्टिव्हिटीचे वैरी. रिफ्रॅक्शनचा वैरी म्हणजे आवाज: वारा, ट्रॅफिक, चालू पंप. एकाच जागी घणाचे बरेच वार घेऊन ते एकावर एक जोडले की बऱ्याच अंशी निभावतं, पण हायवेलगत दिवसा काम करणार असाल तर अडचण येतेच.

जागा किती लागेल हेही आधीच बघा, कारण पुष्कळ वेळा निर्णय इथंच होऊन जातो. रिफ्रॅक्शनची लाइन खोलीच्या चार-पाच पट तरी हवी, म्हणजे १५ मीटर खोलीसाठी २४ जिओफोन ३ मीटरवर, ६९ मीटर लाइन, वर दोन्ही टोकांच्या बाहेर शॉट मारायला मोकळी जागा. रेझिस्टिव्हिटीत खोली लाइनच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढीच मिळते, ४८ इलेक्ट्रोड २ मीटरवर लावले तर ९४ मीटर लाइनमध्ये १८ मीटरच्या आसपास, आणि तीही फक्त मध्यभागी, कारण टोकांकडे सेक्शन निमुळता होत जातो. टोकाखालची खोली कोणी ठामपणे सांगत असेल तर ती डेटातून आलेली नाही.

काम देताना दोन गोष्टी लेखी मागा. रिफ्रॅक्शनमध्ये दोन्ही टोकांचे शॉट आणि पिक केलेल्या वेळांचा ग्राफ हवा, नुसता रंगीत सेक्शन नको. अ टोकाला घण मारून ब टोकाला लाट पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच ब कडून अ ला लागायला पाहिजे, कारण वाट तीच आहे. एक-दोन मिलिसेकंदांहून जास्त फरक असेल तर पिकिंग किंवा ट्रिगर चुकलाय. आणि एकाच बाजूचा शॉट असेल तर तिरका उतरणारा खडक ओळखताच येत नाही, कारण उताराच्या दिशेने वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि चढाच्या दिशेने जास्त. रेझिस्टिव्हिटीत प्रत्येक इलेक्ट्रोडचा काँटॅक्ट रेझिस्टन्स मागा. कोरड्या जमिनीत तो फार वाढतो, तेव्हा इलेक्ट्रोडभोवती मिठाचं पाणी ओतून परत मोजायचं असतं, आणि ते केलं नसेल तर सेक्शनमधले खडकासारखे दिसणारे गोल ठिपके खराब काँटॅक्टचेही असू शकतात. मोजलेल्या आणि मॉडेलच्या आकड्यांतला फरक सांगणारा आरएमएस एरर कमी आहे म्हणून मॉडेल बरोबर आहे असं मानू नका, वरच्या तिन्ही मुरमांचा एरर कमीच येईल.

पहिला बोअर कुठं घ्यायचा? बरेच जण सेक्शनमध्ये खडक सगळ्यात उथळ दिसतो तिथं घेतात, पण मी म्हणेन लाइनच्या मध्याजवळ, जिथं दोन्ही सर्व्हे एकमेकांवर पडतात आणि थर आडवे सपाट दिसतात, तिथं घ्या. तिथली खरी खोली आणि मुरमाची जाडी कळली की मुरमाचा वेग १५०० धरला तो बरोबर होता का आणि खडक कुठल्या रंगापासून धरायचा, दोन्ही तपासता येतं आणि बाकीची लाइन त्या हिशोबाने पुन्हा काढता येते. दुसरा बोअर मग दोन्ही सर्व्हेंचं जिथं सगळ्यात कमी जुळतं तिथं.