नीटच्या मॉकसाठी वापरलेला ट्रॅकर: चवथीपासून शिमग्यापर्यंतचा अनुभव

हा ट्रॅकर म्हणजे गूगल शीटमधली एक साधी फाईल आहे. आमच्या डिचोलीतल्या एका ताईने तिच्या वेळी नीटसाठी बनवली होती, ती तिने मला पाठवली. मी बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेतलाय आणि घरूनच अभ्यास करते. चवथ झाल्यावर मॉक पेपर द्यायला लागले, तेव्हापासून प्रत्येक पेपर या शीटमध्ये भरलाय. आता शिमगाही झाला आणि परीक्षा मे महिन्यात आहे, त्यामुळे जे कळलं ते लिहून ठेवते.

शीटमध्ये प्रत्येक विषयाची एक ओळ असते. सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, किती सोडवले, किती बरोबर, किती चूक एवढंच आपण भरायचं, बाकीचं शीट काढतं. सूत्रं सोपी आहेत. बायोलॉजीची ओळ दुसरी धरली तर अशी:

```
गुण      =4*E2-F2
अचूकता   =IFERROR(E2/D2,"")
मिनिटं    =(C2-B2)*1440
पडताळा   =IF(D2=E2+F2,"","तपास")
```

१४४० म्हणजे एका दिवसाची मिनिटं. शीट वेळ दिवसाच्या भागात मोजते, म्हणून त्याने गुणायचं आणि त्या चौकटीचं फॉरमॅट साधा आकडा असं ठेवायचं. शेवटचं सूत्र मला फार उपयोगी वाटलं. तीन तासांच्या पेपरानंतर डोकं जड झालेलं असतं, बरोबर आणि चूक यांची बेरीज सोडवलेल्यांशी जुळत नाही, आणि ते तिथल्या तिथे दिसतं.

फाईल आली तेव्हा ती जुन्या पॅटर्नवर होती. तेव्हा २०० प्रश्नांपैकी १८० सोडवायचे असत, प्रत्येक विषयात निवडीचा ब विभाग होता आणि वेळ २०० मिनिटं होती. २०२५ पासून पुन्हा सरळ १८० प्रश्न आणि १८० मिनिटं झाली: फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. एकूण गुण आधीही ७२० होते, आताही ७२०च आहेत. त्यामुळे एकूण बघून फाईल जुनी आहे हे लक्षात येत नाही. कोणाकडून तयार शीट घेतली तर आधी प्रश्नांची संख्या आणि मिनिटं बघा.

नीट अजून कागदावर होते, म्हणून वेळ आपोआप नोंदली जात नाही. परीक्षेत मनगटी घड्याळ चालत नाही, वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं लागतं. मी घरीही भिंतीवरचंच घड्याळ ठेवते आणि विषय बदलताना प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात वेळ लिहिते. पेपर दुपारी दोन ते पाच असाच देते, कारण २०२५ ची परीक्षा त्याच वेळेत झाली. आमच्याकडे ही जेवून आडवं व्हायची वेळ, बाजारातली दुकानंसुद्धा बंद असतात. सकाळी दिलेला पेपर आणि दुपारी दिलेला पेपर एका आलेखात ठेवणं मला पटत नाही, म्हणून पेपर कधी दिला याचा एक रकाना मी वाढवला.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला मी फक्त एकूण गुण बघायचे. ताईने फोनवर सांगितलं, "अगं, गुण शेवटी बघ. आधी मिनिटं आणि सोडवलेले प्रश्न शेजारीशेजारी ठेव." दिवाळीनंतरचा एक पेपर इथे पूर्ण मांडते, म्हणजे तिला काय म्हणायचं होतं ते कळेल.

बायोलॉजीत ८६ सोडवले, ७६ बरोबर, २९४ गुण, ४८ मिनिटं. केमिस्ट्रीत ४० सोडवले, ३१ बरोबर, ११५ गुण, ५२ मिनिटं. फिजिक्समध्ये ३३ सोडवले, १९ बरोबर, ६२ गुण, ६८ मिनिटं. उरलेली १२ मिनिटं ओएमआरवरचे गोल तपासण्यात गेली. एकूण ४७१.

नुसती अचूकता बघितली तर फिजिक्स जेमतेम ५८ टक्के. त्यावरून कोणीही म्हणेल की फिजिक्स कच्चं आहे, पुन्हा पहिल्यापासून कर. पण पेपर सोडवताना मी प्रत्येक प्रश्नाशेजारी एक अक्षर लिहीत होते: खात्री असेल तर प, दोन पर्यायांत अडकले तर द, नुसता अंदाज असेल तर अ. मूळ शीटमध्ये ही सोय नव्हती. ती अक्षरं मोजली तेव्हा चित्र वेगळं निघालं. फिजिक्सचे पक्के प्रश्न २०, त्यांतले १७ बरोबर, म्हणजे अचूकता ८५ टक्के आणि गुण ६५. उरलेल्या १३ प्रश्नांत फक्त २ बरोबर आणि ११ चूक. त्यांचे गुण झाले उणे ३, आणि ६८ पैकी निम्मा वेळ त्या तेरांनीच खाल्ला होता.

बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १ असेल तर पाचांतलं एक बरोबर आलं तरी हिशोब शून्यावर येतो. डोळे मिटून चारांतला एक पर्याय निवडला तर सरासरी पाव गुण मिळतो, आणि दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर दीड गुण. म्हणजे अंदाजाने गुण बुडतात ही भीती आकड्यांत तितकी खरी नाही. अंदाजाच्या प्रश्नात जातो तो वेळ. तेरा प्रश्नांनी माझे तीन गुण नेले, ते चालण्यासारखं होतं. पण त्याच अर्ध्या तासात केमिस्ट्रीचे ५ आणि बायोलॉजीचे ४ प्रश्न कोरे राहिले.

तेरांत दोनच बरोबर येणं हे आंधळ्या अंदाजापेक्षाही वाईट आहे. त्याचं कारण प्रश्न पुन्हा बघितल्यावर कळलं. एक प्रश्न कप्पीचा होता: एका बाजूला ३ किलो, दुसऱ्या बाजूला १ किलो, कप्पी म्हणजे ४ किलोची चकती, दोरी घसरत नाही, त्वरण किती? चकतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया अर्धा असतो, म्हणून छेदात ३ + १ + २ येतात आणि उत्तर g/3. कप्पीचं वस्तुमान सोडून दिलं तर g/2 येतं, चकतीऐवजी कडं धरलं तर g/4 येतं, आणि पर्यायांत हे दोन्ही होते. अर्धवट सोडवलेल्या गणिताचं उत्तर पर्यायांत बहुतेक वेळा असतंच, म्हणून ते दिसलं की आपल्याला बरोबर वाटतं. अशा प्रश्नाला मी आता अ न लिहिता ग लिहिते, म्हणजे गणित अर्धं झालं होतं असं. ग-चे प्रश्न घरी पुन्हा सोडवायचे, अ-चे धडे पुन्हा वाचायचे. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे आणि अचूकतेचा एकच आकडा तो सांगू शकत नाही.

मात्र हे सगळं एका पेपरावर ठरवू नये. तेरा प्रश्न म्हणजे फार थोडे. मी त्याच सिरीजच्या पुढच्या पेपरांतले द, अ आणि ग एकत्र मोजले, तेव्हा अ-ची अचूकता चारांत एकच्या आसपास आली आणि ग-ची त्याहून खाली राहिली. एवढं जमल्यावरच पेपर सोडवायची पद्धत बदलली: फिजिक्सच्या पहिल्या फेरीत दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर प्रश्नाला गोल करून पुढे जायचं, तिन्ही विषयांची पहिली फेरी झाल्यावरच मागे यायचं.

इथे शीट अडली. विषयाला एकच सुरुवात आणि एकच शेवट असल्यामुळे दुसऱ्या फेरीचा वेळ कुठे लिहायचा हा प्रश्न आला. प्रत्येक विषयाची दुसरी ओळ केली आणि खाली दोन्हींची बेरीज घेतली, तेव्हा जमलं. हे करताना आलेख बिघडला, तो पुन्हा काढावा लागला. फोनवर हे काम करू नका, रकाने पुढेमागे होतात. माझ्या मामेभावाच्या लॅपटॉपवर केलं आणि अर्ध्या तासात झालं.

त्याच सिरीजचा फेब्रुवारीतला एक पेपर असा गेला. फिजिक्समध्ये २६च सोडवले, २० बरोबर, ७४ गुण, ५५ मिनिटं. केमिस्ट्रीत ४३ सोडवले, ३५ बरोबर, १३२ गुण, ६० मिनिटं. बायोलॉजीत ८९ सोडवले, ८० बरोबर, ३११ गुण, ५३ मिनिटं. एकूण ५१७. फिजिक्समध्ये सात प्रश्न कमी सोडवून बारा गुण जास्त आले. बायोलॉजीतली वाढ मी ट्रॅकरच्या खात्यात टाकणार नाही, ती एनसीईआरटी पुन्हा ओळ न ओळ वाचल्यामुळे आहे. केमिस्ट्रीची वाढ मात्र बरीचशी सुटलेल्या वेळेची आहे, कारण वाढलेले प्रश्न इनऑरगॅनिकचे होते, जे मला आधीही येत होते आणि वेळेअभावी राहत होते.

जिथे ही शीट फसवते ती जागा म्हणजे एकूण गुणांचा आलेख. वेगवेगळ्या सिरीजचे पेपर सारख्या काठिण्याचे नसतात, आणि २०२५ चा खरा फिजिक्सचा पेपर तर अनेकांना नेहमीच्या मॉकपेक्षा खूपच जड गेला. तो घरी वेळ लावून सोडवला त्या दिवशी माझा आलेख एकदम खाली आला, पण पक्क्या प्रश्नांची अचूकता जवळपास तेवढीच राहिली, फक्त पक्के प्रश्न कमी झाले. म्हणून मी सिरीजचा रकाना ठेवून प्रत्येक सिरीजची रेघ वेगळी काढते. अर्ध्या सिलॅबसचे पेपर त्यात घेतच नाही.

आणखी एक रकाना जरूर ठेवा: प्रश्नपत्रिकेवर केलेल्या खुणांप्रमाणे गुण आणि ओएमआरवरच्या गोलांप्रमाणे गुण. माझ्या मडगावच्या मैत्रिणीचा एका पेपरात ११२ नंतर एक गोल सरकला आणि पुढची सगळी उत्तरं एका ओळीने खाली गेली. प्रश्नपत्रिकेवरून मोजले असते तर तिला ते कळलंच नसतं. आता ती दर पानानंतर गोल रंगवते आणि शीटमध्ये फक्त ओएमआरचे गुण धरते.

बांबोळीच्या गोमेकॉत जायचं म्हणून ज्यांची तयारी चालली आहे आणि जे क्लासशिवाय घरी पेपर देतात, त्यांना ही शीट चालेल. पेपर तपासून ती भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तेवढी त्याच संध्याकाळी द्यावी लागतात, कारण दुसऱ्या दिवशी प होता की द होता ते आठवत नाही. परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या दहा दिवसांत मी नवीन रकाना काढणार नाही, आणि गुणांचा रकाना लपवून फक्त मिनिटं आणि पक्के प्रश्न उघडे ठेवणार आहे.