रिझर्व्ह बँकेकडे 880 टन सोनं, मग पीएफमध्ये का नाही?

जुलै 1991 मध्ये परकीय चलन आटलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने जवळपास 47 टन सोनं विमानाने परदेशी पाठवलं, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवलं आणि सुमारे 40 कोटी डॉलर उभे केले. मध्यवर्ती बँकेला सोनं हवं असतं ते अशा दिवसासाठी. त्यावर व्याज मिळत नाही, पण ते कुणाचं देणं नसतं. देशातल्या तिजोरीत असेल तर दुसरं सरकार ते गोठवू शकत नाही. भाव पडला तरी बँकेला कुणाच्या खात्यात काही जमा करायचं नसतं. मार्च 2025 अखेर तिच्याकडे सुमारे 880 टन होतं.

पीएफचं गणित वेगळं. तिथे दरवर्षी व्याज जाहीर करावं लागतं आणि ते मुख्यतः रोख्यांच्या व्याजातून येतं. 2012 च्या अखेरीस दहा ग्रॅम सोनं साधारण 31,000 रुपये होतं, 2015 च्या अखेरीस 25,000 च्या आसपास. त्याच काळात पीएफने दरवर्षी साडेआठ टक्के किंवा जास्त व्याज दिलं. निधी सोन्यात असता तर हे व्याज आणायचं कुठून? सोनं विकूनच, तेही पडत्या भावात.

तेलाच्या कमाईतून उभा राहिलेला नॉर्वेचा सरकारी निधीही शेअर, रोखे आणि स्थावर मालमत्ता धरतो, कारण त्यांतून लाभांश, व्याज आणि भाडं येतं. अलीकडच्या तेजीत सोन्याने या सगळ्यांना मागे टाकलं, हे खरं. म्हणून थोडा हिस्सा ठेवायला माझी हरकत नाही. पण निवृत्तांचं देणं त्याच्यावर टांगू नये.