हप्ते लांबवून घ्यावेत, की काही महिने फक्त व्याज भरावे?

उत्पन्न घटल्यावर बँकेला लिहायच्या पत्रात बहुतेक जण "हप्ता कमी करून मिळावा" एवढेच लिहितात. शाखाधिकाऱ्याला त्यातून काही ठरवता येत नाही. हप्ता कमी करण्याचे मार्ग दोन आहेत, आणि कोणता मागायचा हे उत्पन्न कशामुळे घटले त्यावर ठरते.

पेडण्यातल्या एका लाँड्रीचे उदाहरण घेऊ. यंत्रांच्या कर्जाचे ८ लाख मुद्दल शिल्लक, व्याज १२ टक्के, ३६ हप्ते बाकी, हप्ता २६,५७१ रुपये. गेल्या सीझनला पगार, वीज, साबण आणि मालकाचा घरखर्च वजा जाता महिन्याला ४२,००० उरत होते. ऑक्टोबरपासून एका हॉटेलचे काम गेले आणि आता २२,००० उरतात. पावसाळ्यात ते १२,००० वर येतील असा अंदाज आहे. पत्र फेब्रुवारीच्या सुरुवातीला जात आहे.

| | मुदत ७२ महिने | ८ महिने फक्त व्याज, मग जुनाच हप्ता |
|---|---|---|
| हप्ता | १५,६४० | सप्टेंबरपर्यंत ८,०००, मग २६,५७१ |
| कर्ज फिटायला | ७२ महिने | ४४ महिने |
| जादा व्याज | सुमारे १,६९,५०० | ६४,००० |

नुसते व्याज पाहिले तर उजवा रकाना स्वस्त. पण हॉटेलने स्वतःची यंत्रे घेतली म्हणून काम गेले असेल, तर ते परत येणार नाही. मग ऑक्टोबरमध्ये पुन्हा २६,५७१ चा हप्ता सुरू होईल, हातात २२,००० असतील, आणि दुसऱ्यांदा सवलत मागायला जाणे पहिल्याहून पुष्कळ अवघड असते. अशा वेळी महाग असली तरी मुदतवाढच मागावी. हॉटेल दुरुस्तीसाठी बंद असेल आणि ऑक्टोबरमध्ये उघडणार असेल, तर मात्र उजवा रकाना योग्य. त्यासाठी हॉटेलचे तसे पत्र जोडा. तोंडी भरवशावर बँक हलत नाही.

मुदत किती मागायची, इथे गोव्यातला पावसाळा आड येतो. ६० महिन्यांचा हप्ता १७,७९६ बसतो आणि २२,००० समोर तो चांगला दिसतो. पण फेब्रुवारी ते मे दरमहा ४,२०४ प्रमाणे जेमतेम १६,८०० साठतील, आणि जून ते सप्टेंबर दरमहा ५,७९६ ची तूट म्हणजे २३,००० च्या वर. पहिल्याच पावसाळ्यात हप्ता चुकेल. ७२ महिन्यांत साठतात २५,४४० आणि लागतात १४,५६०, म्हणून ७२. फक्त व्याज भरण्याची सवलतही सहा महिन्यांची मागू नका. ती जुलैअखेर संपते आणि पूर्ण हप्ता भर पावसात येतो.

पत्राचा गाभा असा असावा:

"गेल्या सीझनच्या ऑक्टोबर ते जानेवारीत खर्च वजा जाता दरमहा सरासरी ४२,००० रुपये उरत होते, यंदा त्याच महिन्यांत २२,००० उरले. कारण: एका हॉटेलने स्वतःची यंत्रे बसवली. आजवर एकही हप्ता थकलेला नाही. फेब्रुवारीपासून कर्जाची मुदत ७२ महिने करून हप्ता १५,६४० करावा, ही विनंती. पावसाळ्यातली तूट सीझनच्या शिलकीतून कशी भरेन, याचा महिनावार तक्ता जोडला आहे. मंजुरीनंतर खाते कोणत्या वर्गात धरले जाईल, तेही लेखी कळवावे."

तुलना त्याच महिन्यांची हवी. मे आणि जुलै शेजारी ठेवलेत तर बँक म्हणेल, पाऊस काय यंदाच पडला? घरखर्च लपवून शिल्लक फुगवू नका, कारण तो बँकेच्या उताऱ्यात दिसतोच. बारा महिन्यांचा उतारा, उद्यम नोंदणी, आणि जीएसटी नोंदणी असल्यास विवरणपत्रे जोडा. पत्रातले आणि विवरणपत्रातले आकडे जुळले नाहीत, तर पत्र तिथेच अडते.

पत्रातल्या शेवटच्या वाक्याचे महत्त्व मोठे आहे. अडचणीमुळे दिलेली सवलत, मग ती मुदतवाढ असो वा व्याजापुरती, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत पुनर्रचना ठरते. वेगळी सूट लागू नसेल तर नियमित खातेही त्यामुळे एनपीए, म्हणजे थकीत कर्जाच्या वर्गात जाऊ शकते आणि क्रेडिट अहवालात नोंद राहते. पुढच्या वर्षी नवे कर्ज काढायचे असेल, तर सही करण्याआधी हे विचारा. उलट काहीच न करता ९० दिवसांपेक्षा जास्त थकले, तर खाते एनपीए होतेच, तेही दंडासकट.

मंजुरी मिळाल्यावर पुरवणी करारावर जामीनदाराचीही सही लागते, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा. आणि खात्यातून हप्ता कापण्याची जुनी सूचना बदलली का, ते पुढच्या हप्त्याच्या तारखेआधी शाखेत जाऊन पाहा. ती तशीच राहिली तर बँक २६,५७१ मागते, खात्यात १५,६४० असतात आणि हप्ता परत जातो.