सेमाग्लुटाइडचे नऊ महिने: मळमळीविषयीचे माझे मत का बदलले

सेमाग्लुटाइड हे साखर आणि वजन उतरवणारे औषध. आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचे पेन, सुरुवातीला अगदी लहान मात्रा आणि मग दर चार आठवड्यांनी एकेक पायरी वर, एवढे वाचकांना ठाऊक असेलच. मला टाइप २ मधुमेह आहे. पहिल्या सात महिन्यांत साखर आणि वजन दोन्ही उतरले, आणि तोपर्यंत कोणी विचारले असते तर मी हे औषध बिनदिक्कत चांगले म्हटले असते. हा अनुभव लिहायला बसवले ते दीड महिन्यापूर्वीच्या एका रात्रीने. त्या रात्री मला पहाटेपर्यंत सहा वेळा उलटी झाली आणि पाण्याचा घोटही पोटात ठरेना.

आधी भुकेबद्दल सांगतो. या औषधाने भूक मरते असे म्हणतात, ते माझ्या बाबतीत खरे नव्हते. जेवणाच्या वेळी भूक लागत होती, चवही लागत होती. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी अर्धे ताट तसेच ठेवून उठलो आणि उठल्यावर लक्षात आले की आपण स्वतःला आवरलेले नाही, हात आपोआप थांबला. पोट तुडुंब झाल्याची भावना नव्हती, जेवण पुरे झाल्याची होती.

ही भावना शरीराच्या ओळखीचीच आहे. अन्न आतड्यात पोहोचले की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचे हार्मोन सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि पुरेसे खाल्ल्याचा निरोप मेंदूला देते. मात्र रक्तात ते दोन-तीन मिनिटेही टिकत नाही, कारण डीपीपी-४ हे एन्झाइम त्याचे लगेच तुकडे करते. त्यामुळे बराचसा निरोप पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हच्या आतड्याजवळच्या टोकांमार्फत, जागच्या जागीच दिला जातो आणि जेवणानंतर थोड्या वेळात विरतो. सेमाग्लुटाइडची घडण त्या एन्झाइमला दाद देत नाही, शिवाय त्याला जोडलेली फॅटी अॅसिडची साखळी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते. परिणामी त्याची निम्मी मात्रा शरीरातून जायला सुमारे एक आठवडा लागतो. जो निरोप जेवणापुरता असायला हवा, तो आठवडाभर रात्रंदिवस रक्तातून फिरत राहतो.

मळमळ याच बदलातून येते, पण हे मला फार उशिरा कळले. कित्येक महिने मी समजत होतो की जठर हळू रिकामे होते, अन्न साचून राहते आणि म्हणून मळमळते. त्याहून मोठी चूक म्हणजे मळमळ ही औषध लागू पडल्याची खूण आहे, असे मी धरून चाललो होतो. जठराचा भाग पूर्ण खोटा नाही. पहिल्या आठवड्यांत रात्रीचे जेवण सकाळी ढेकरांतून जाणवायचे, आणि तेलकट किंवा मोठे जेवण हमखास बाधायचे. पण हार्मोन सतत अंगात राहिले की जठरावरचा हा परिणाम काही आठवड्यांत बराच ओसरतो, खाणे मात्र कमीच राहते. (पूर्ण ओसरतो असे नव्हे. भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनची कल्पना आधीच द्यावी, कारण उपाशी असूनही जठरात अन्न असू शकते.)

मळमळीचे मुख्य ठिकाण मेंदूच्या तळाशी, ब्रेनस्टेममध्ये आहे. मेंदूचा बहुतेक भाग रक्तातल्या पदार्थांपासून एका पडद्याने राखलेला असतो, पण एरिया पोस्ट्रेमा या छोट्याशा भागात तो पडदा जवळजवळ नाही. रक्तात विष आले तर ते ओळखून उलटी घडवणे हे त्याचे काम, म्हणून त्याला उघडे राहावेच लागते. तेथे जीएलपी-१ चे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप झेलणाऱ्या जागा, भरपूर आहेत. तृप्तीचा निरोप घेणाऱ्या पेशी त्याच्या अगदी शेजारच्या केंद्रात आणि वर हायपोथॅलॅमस या भूक सांभाळणाऱ्या भागात आहेत. २०२४ मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात या दोन शेजाऱ्यांना वेगवेगळे चेतवून पाहिले, तेव्हा शेजारच्या केंद्रातल्या पेशींनी तिटकारा न येता खाणे कमी केले आणि एरिया पोस्ट्रेमातल्या पेशींनी तिटकारा निर्माण केला. माणसांच्या चाचण्यांतही ज्यांना मळमळ झाली नाही त्यांचे वजन उतरलेच. म्हणजे मी जी खूण समजून सहन करत होतो, तिची औषधाच्या उपयोगाला गरजच नव्हती.

आता त्या रात्रीकडे येतो. १ मिलिग्रॅमच्या मात्रेवर मी अनेक महिने सुखात होतो. मग प्रवासात तीन इंजेक्शने चुकली. परतल्यावर मी नेहमीचेच पेन घेतले, १ वर फिरवले, टोचले, खिडकीत शून्य आल्यावर सवयीने सहा आकडे मोजले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मळमळ सुरू झाली आणि रात्री उलट्या. इंजेक्शनचे औषध सावकाश शोषले जाते आणि रक्तातली पातळी एक ते तीन दिवसांत सर्वांत वर जाते, म्हणून त्रास टोचल्या दिवशी नव्हे तर नंतर होतो.

मी नंतर वहीत ढोबळ हिशेब मांडला. दर आठवड्याला निम्मे उरते असे धरले, तर नियमित १ मिलिग्रॅम घेणाऱ्याच्या अंगात इंजेक्शनपूर्वी साधारण १ मिलिग्रॅम शिल्लक असते आणि नंतर २ होते. शेवटच्या इंजेक्शनला चार आठवडे झाल्यावर माझ्याकडे २ चा सोळावा भाग, म्हणजे ०.१२५ उरले होते, ते एका फटक्यात १.१२५ झाले. एकूण मात्रा माझ्या नेहमीच्या पातळीच्या जेमतेम निम्मी होती, तरी शरीराला ती सोसली नाही. नेहमीची उडी दुपटीची असे, ही नऊपट होती, आणि मधल्या काळात मेंदूची व जठराची सवय मोडली होती. मात्रा पायरीपायरीने चढवतात ती याच सवयीसाठी. ०.२५ ची पहिली पायरी साखर उतरवण्यासाठी नसतेच.

माझा राग औषधावर नाही. इंजेक्शन एकदा चुकले तर काय करावे हे मला सांगितले गेले होते, सलग दोन-तीन चुकली तर काय, हे पेन देणाऱ्या कोणीही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो लघवीचा रंग आणि प्रमाण यांविषयी, कारण सततच्या उलट्यांनी पाणी कमी होऊन मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. दुसरा प्रश्न होता, पोटाच्या वरच्या भागात न थांबणारी, पाठीकडे जाणारी कळ आहे का. तशी कळ मळमळीची नसते, ती स्वादुपिंडाच्या सुजेची असू शकते आणि तेव्हा औषध बंद करून लगेच तपासणी करावी लागते. मला ती नव्हती. मग त्यांनी पुन्हा ०.२५ पासून चढायला सांगितले.

महिनाभर वाया गेला असे तेव्हा वाटले, पेनचा खर्चही डोळ्यांसमोर आला. पण ०.२५ चे चार आठवडे एकाही उलटीविना गेले. गेल्या रविवारी ०.५ चे पहिले इंजेक्शन घेतले, मंगळवारी दुपारी थोडे मळमळले, रात्रीचे जेवण मी निम्मे केले आणि बुधवारी सकाळी ते गेलेले होते.