मसाल्याच्या बारा बरण्या, आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी मी एकाच कंपनीच्या बारा मसाल्यांचा संच घेतला: काचेच्या गोल बरण्या, पत्र्याचं काळं झाकण, गडद लालसर लेबल. लेबलांची मांडणी हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे घेतानाच मी पट्टी लावून मोजमापं टिपून ठेवली होती. मसाले चांगले आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. हा अनुभव फक्त वेष्टनाचा.

आधी दुकानातली फळी. बरणीचा व्यास 45 मिमी, म्हणजे घेर सुमारे 141 मिमी. लेबल 135 मिमी लांब आणि 50 मिमी उंच. समोर उभं राहिल्यावर यातला साधारण तिसरा हिस्सा, 47 मिमी, नीट वाचता येतो. त्यापलीकडे अक्षरं गोलाईवर वळतात आणि निम्म्याहून कमी रुंद दिसू लागतात. या 47 मिमीत कंपनीने आपलं नाव 14 मिमी उंचीत छापलंय आणि मसाल्याचं नाव 4 मिमीत. लांबून वाचायच्या अक्षरासाठी आम्ही कामात ढोबळ हिशेब धरतो: अंतराचा दोनशेवा भाग. दीड मीटरवरून वाचायला 7.5 मिमी उंची हवी. 4 मिमीचं अक्षर ऐंशी सेंटिमीटरच्या आत गेल्यावरच लागतं. म्हणजे फळीसमोर उभ्या माणसाला कंपनी कळते, पण जिरेपूड कुठली आणि धनेपूड कुठली ते वाकून बघावं लागतं. बाराही लेबलांचा रंग एकच असल्याने रंगही मदतीला येत नाही.

त्यात मसाल्याचं नाव आणि वजन लेबलाच्या अगदी तळाशी आहेत. दुकानाच्या फळीला पुढे किमतीची पट्टी असते. डोळ्यांच्या वरच्या फळीवर ती पट्टी बरणीचा खालचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर झाकते, आणि नेमका तोच भाग महत्त्वाचा. मी एकदा बाराही बरण्या ओळीने मांडून फोटो काढला, धूसर केला आणि घरातल्यांना दाखवला. मिरपूड सोडून एकही कोणाला ओळखता आली नाही. मिरपूड ओळखली ती लेबलाला ठेवलेल्या खिडकीमुळे, आतला काळा रंग दिसला म्हणून.

ही खिडकी मला आधी आवडली होती. सहाव्या महिन्यात मत बदललं. उघड्या फळीवर ठेवलेल्या हळदीचा आणि तिखटाचा खिडकीला टेकलेला थर आतल्या पुडीपेक्षा स्पष्ट फिका पडलाय. चमच्याने उकरलं की लगेच फरक दिसतो. हळदीचा आणि मिरचीचा रंग उजेडाने उडतो. खिडकी मिरी, लवंग अशा अख्ख्या मसाल्यांना चालेल. पुडींना ती नको, तिथे रंगाचं काम लेबलावरच्या रुंद पट्ट्याने करावं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. तिसऱ्या महिन्यात जिरेपूड संपत आली आणि मुदत बघायची होती. बरणी फिरवून फिरवून पाहिली. लेबलावर लिहिलंय, 'बॅच व तारीख: झाकणाच्या सीलवर पाहा'. ते पारदर्शक सील उघडताना फाडूनच काढावं लागतं, आणि ते मी पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकलं होतं. बारापैकी आठ बरण्यांची तारीख अशीच गेली. उरलेल्या चारांची तळाच्या काचेवर शाईने छापलेली होती. तेलकट हातांनी आणि ओल्या फडक्याने ती पाचव्या महिन्यापर्यंत पुसली गेली.

अन्नपदार्थांच्या लेबलांसाठीचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, कोडेक्स या अन्नाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं 1985चं, त्यात याबद्दल फार नेमकी अट आहे. लेबलावरची आवश्यक माहिती स्पष्ट, ठळक, न पुसणारी आणि खरेदीच्या तसंच वापराच्या नेहमीच्या परिस्थितीत सहज वाचता येईल अशी हवी. 'वापराच्या' हा शब्द या कंपनीने वगळल्यासारखं काम केलंय. त्याच मानकात अगदी लहान पाकिटांना काही माहिती गाळण्याची मुभा देता येते, पण तिथे मसाले आणि वाळवलेली पानं मुद्दाम अपवाद केलेली आहेत. जागा नाही ही सबब मसाल्याला मिळत नाही. बॅच नंबर का लागतो, हे 2014च्या अखेरीस आणि 2015मध्ये दिसलं. अमेरिकेत जिरेपुडीत लेबलावर न लिहिलेला शेंगदाण्याचा अंश सापडला आणि ती पूड असलेला बराच माल परत मागवावा लागला. असं काही झालं तर आपली बरणी त्यातली आहे की नाही, हे माझ्याकडच्या बारांपैकी एकीवरूनही आज सांगता येणार नाही.

आणि जागा खरंच नाही का? मिश्र मसाल्याच्या बरणीवर मी ती मोजली. पुढचे 47 मिमी सोडले तर मागे 88 मिमी उरतात. त्यात 30 मिमी बारकोडला आणि 6 मिमी समासाला. उरला 52 मिमी रुंदीचा आणि वरखाली समास सोडून 46 मिमी उंचीचा रकाना. यातले वरचे 26 मिमी कंपनीच्या मसाल्यांच्या प्रवासाच्या गोष्टीने घेतलेत, चांगल्या मोठ्या अक्षरांत. घटक, साठवण, उत्पादकाचा पत्ता अशा तेरा ओळी खालच्या 20 मिमीत कोंबल्यात, म्हणजे ओळीला दीड मिमी. सोनेरी शाईत, लालसर पार्श्वभूमीवर. ट्यूबलाइटखाली ती शाई चमकते आणि भिंग घेऊनही वेलांटी-उकार धड कळत नाहीत. माझ्या आईने तर प्रयत्नच सोडला.

ती गोष्ट काढली की त्याच तेरा ओळींना 46 मिमी मिळतात, ओळीला साडेतीन मिमी. वर मात्रा आणि खाली उकार असलेल्या आपल्या लिपीला एवढी उंची पुरते. लेबल वाढवावं लागत नाही, बरणीही बदलावी लागत नाही.

बारकोडही आडवा छापलाय. 45 मिमी व्यासाच्या गोलाईवर आडव्या बारकोडच्या कडेच्या रेघा फार तिरक्या पडतात. दुकानात दोनदा मशीनला तो वाचता आला नाही आणि गल्ल्यावरच्या मुलीने आकडे हाताने टाकले. तो शिडीसारखा उभा केला की रेघा गोलाईभर जातात, कोड वाचला जातो आणि रुंदी 30 ऐवजी 21 मिमी लागते. त्याच्या खाली साधारण 15 मिमी उंचीची जागा उरते. तिथे वॉर्निश नसलेली पांढरी चौकट ठेवावी आणि लेबल लावणाऱ्या यंत्रावरच बॅच व तारीख छापावी. सीलशी तिचा संबंधच नको.

दोन भाषा आणि पोषणाचा तक्ता दोन्ही द्यायचे असतील, तर मात्र हे गणित बसणार नाही. तिथे लेबल उंच करावं किंवा उलगडणारं दुपदरी लावावं. अक्षर बारीक करणं हा मार्ग नाही.

पुढच्या भागाचा क्रम मी असा धरेन: सर्वांत वर आणि सर्वांत मोठं मसाल्याचं नाव, त्याला लागून अख्खा की पूड, मग वजन, आणि कंपनीचं नाव त्याखाली. वजन नावाच्याच नजरेच्या टप्प्यात असावं हेही मानक सांगतं. घरी आल्यावर या बरण्या माझ्याकडे ओट्याखालच्या खणात असतात, वरून फक्त बारा काळी झाकणं दिसतात. झाकणावर नाव छापलं असतं तर रोजची उचलाउचल वाचली असती.

तूर्त मी झाकणांवर खडूच्या पेनाने नावं घातलीत. संच पुन्हा घेईन का? मसाल्यासाठी हो. पण नव्या बरणीचं सील फाडण्याआधी तारखेचा भाग कापून झाकणाच्या आत चिकटवते. मोजमापांसकट हे सगळं कंपनीला लिहून पाठवलंय.