जनरेटिव्ह फिलला नेमकं वर्णन कसं द्यावं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळी अंकांची आणि छोट्या प्रकाशकांची मुखपृष्ठं, शिवाय लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं, असं फोटोशॉपचं काम मी घरून करते. फोटोचा एखादा भाग निवडून तिथे काय हवं त्याचं वर्णन लिहिलं की फोटोशॉप ते स्वतः तयार करून भरतं, ती सोय म्हणजे जनरेटिव्ह फिल. ते मी गेले आठ महिने जवळजवळ रोज वापरतेय. नको असलेली वायर काढणं, कडेचं आकाश वाढवणं ही कामं ते छान करतं, आणि त्यासाठी वर्णनाची चौकट रिकामी ठेवली तरी चालतं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खरा कस लागतो तो फोटोत मुळात नसलेली वस्तू आणून ठेवताना. ती वस्तू त्याच उन्हात, त्याच जमिनीवर ठेवलेली वाटली पाहिजे. माझा सगळा अनुभव त्याबद्दलचा आहे.

एक काम सविस्तर सांगते. मुखपृष्ठासाठी एका जुन्या वाड्याच्या ओसरीचा फोटो होता. ऑक्टोबरअखेरची दुपार, पावणेचारच्या सुमारास काढलेला. डावीकडून अंगणातलं ऊन आत आलेलं, खाली काळसर दगडी फरशी, मागे लाकडी खांब आणि एका बाजूला छोटं लाकडी स्टूल. संपादकांना फरशीवर एक पितळी तांब्या हवा होता. मी निवड केली, लिहिलं:

```
brass lota on floor
```

तीन पर्याय आले. एकाला तोटी होती, दुसऱ्यावर भरगच्च नक्षी होती, तिसऱ्याचा आकार बरा होता. पण तो दुकानाच्या काचेत मांडल्यासारखा चकाकत होता. त्याच्या पोटावरची चमक उजवीकडे होती आणि ऊन डावीकडून येत होतं. बुडाशी गोल, मऊ सावली होती, ढगाळ दिवशी पडते तशी. लांबून पाहिलं तर कुणालाही ‘काहीतरी खटकतंय’ एवढंच वाटलं असतं, पण ते खटकणं मुखपृष्ठावर परवडत नाही.

मग मी माझ्या वर्णनात ‘रिअलिस्टिक’, ‘एचडी’, ‘परफेक्ट लाइटिंग’ असे शब्द घालत गेले. पहिले दोन महिने मी हेच करत होते. या शब्दांनी काहीच साधत नाही, कारण त्यांत या फोटोबद्दल काहीच माहिती नाही. लाइटिंग परफेक्ट म्हणजे कुठून, किती तिरपं, कडक की मऊ? हे मलाच सांगता येत नसेल तर ते वर्णनात उतरणार कुठून?

म्हणून आता मी आधी फोटो वाचते आणि मग वर्णन लिहिते. वाचायचं ते सावल्यांवरून. या फोटोत ते स्टूल फार उपयोगी पडलं. ऊन जवळजवळ सरळ डाव्या बाजूने येत होतं, त्यामुळे सावली आडवी उजवीकडे पडली होती आणि मोजता येत होती. ती स्टुलाच्या उंचीच्या पावणेदोन पट भरली. सावली उंचीइतकीच असेल तर सूर्य 45 अंशांवर असतो, दुप्पट असेल तर साधारण 27 अंशांवर. म्हणजे इथे तो 30 अंशांच्या आसपास होता, खाली उतरलेला. सावलीची कड पायांपाशी अगदी स्पष्ट होती आणि टोकाकडे जराशी विरघळलेली, उघड्या उन्हातली सावली असते तशीच. हे आकडे वर्णनात लिहायचे नसतात, ‘30 डिग्री’ लिहून काही होत नाही. पण ते कळल्यावर ‘लांब, कडक कडेची सावली’ हे शब्द आपण ठामपणे लिहितो, आणि आलेला पर्याय कशाशी ताडून पाहायचा तेही ठरतं.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची उंची. फोटो उभ्याने काढला होता, स्टुलाचा वरचा पृष्ठभाग दिसत होता. मग तांब्याचं तोंडही लंबगोल दिसायला हवं, आतला अंधार थोडा दिसायला हवा. माझ्या पहिल्या पर्यायात काठ सरळ रेषेसारखा होता, जमिनीवर आडवं पडून फोटो काढल्यासारखा. प्रकाश कितीही जुळवा, ही चूक असेल तर वस्तू तरंगतेच. बऱ्याच जणांचे नमुने मी पाहते तेव्हा उन्हापेक्षा हीच चूक जास्त दिसते.

तिसरी गोष्ट पितळेची, आणि ती मला सर्वांत उशिरा उमगली. घासून लख्ख केलेलं पितळ आरशासारखं वागतं. त्यात डावीकडचं उजळ अंगण, खालची काळी फरशी, मागचे खांब दिसायला हवेत. हे सगळं शब्दांत सांगून नेमकं येत नाही, भलत्याच खिडक्या त्यात उमटतात. म्हणून मी तांब्याच जुना केला. वापरून मंद झालेल्या पितळावर प्रतिबिंब नसतं, उजेडाची बाजू आणि काळोखाची बाजू एवढंच असतं. वाड्यात शोभतोही तोच. वस्तूचं नाव देण्याऐवजी आता मी तिचा आकार लिहिते, कारण आपल्या घरातल्या भांड्यांची नावं तिथे नीट पोचत नाहीत. गोल पोट, आखूड मान, बाहेर वळलेला काठ, एवढं लिहिलं की तांब्या मिळतो. शेवटी चाललेलं वर्णन असं:

```
old dull brass water pot, round belly, short neck,
flared rim, seen from slightly above, on dark stone floor,
low afternoon sun from the left,
long hard-edged shadow to the right
```

यात ‘आणून ठेव’, ‘जोड’ असं क्रियापद नाही. ‘नक्षी नको’, ‘फुलं नकोत’ असंही नाही. मी एकदा ‘फुलं नकोत’ लिहिलं होतं आणि झेंडू हजर झाला. नको त्याचं नावच घेऊ नये, हवं ते लिहावं. वर्णन याहून लांब केलं तर शेवटचे शब्द दुर्लक्षित राहतात असा माझा अनुभव आहे, म्हणून प्रकाशासाठी दोनच वाक्प्रयोग ठेवते: ऊन कुठून येतं आणि सावली कुठे पडते. त्यातही एकच ठेवायचा झाला तर सावलीचा ठेवेन. ‘डावीकडून’ म्हटलं तर बघणाऱ्याच्या डावीकडून की वस्तूच्या, याचा घोळ होऊ शकतो. ‘सावली उजवीकडे फरशीवर’ यात घोळ होत नाही.

पण इतकं लिहूनही सावली तोकडीच येत होती, आणि त्याचं कारण शब्दांत नव्हतंच. मी निवड तांब्यापुरतीच केली होती. निवडीबाहेर काहीही रंगवलं जात नाही, मग लांब सावली पडणार कुठे? निवडीचा आकार हा वर्णनाचाच भाग आहे हे ध्यानात आल्यावर माझे निम्मे प्रयत्न वाचले. आता लॅसोने वस्तूची जागा घेते, उजवीकडे सावलीसाठी फरशीची लांब पट्टी घेते, आणि कड थोडी मऊ करते. निवडीची उंची वस्तूची उंची ठरवते. उंच अरुंद निवड केली की तांब्याची सुरई होते.

इथे मापाचंही भान ठेवावं लागतं. सुरुवातीपासून या सुविधेत भरलेला भाग 1024 × 1024 पिक्सेलपर्यंत तयार व्हायचा, आणि निवड त्याहून मोठी असली की तो ताणून बसवला जायचा, म्हणजे मऊ दिसायचा. पुढच्या आवृत्त्यांत तपशील वाढवायची सोय आली आहे, तरी मी अजून जुन्या हिशोबानेच चालते. मुखपृष्ठ 7 × 9.5 इंच, 300 पीपीआयला 2100 × 2850 पिक्सेल. त्यात तांब्या 380 पिक्सेल उंच. सावली पावणेदोन पट म्हणजे साधारण 665, त्यात तांब्याची रुंदी 300. बेरीज 965. बरोबर मावतं. हे मावत नसेल तर वस्तू आधी करते आणि सावलीचं टोक दुसऱ्या निवडीत करते, तेव्हा वर्णनात फक्त सावली आणि फरशी लिहिते.

जुळलं की नाही हे डोळ्यांवर सोडत नाही. वर एक कर्व्ह्ज लेयर टाकून तो मुद्दाम खूप ताणते. रंग भडक झाले की नवी वस्तू लगेच वेगळी उठून दिसते, बहुतेक वेळा तिच्या सावलीत निळसर झाक असते आणि आजूबाजूची सावली तपकिरी असते. या ओसरीत तसंच होतं, कारण लाकडावरून परतलेला उजेड सावलीत मिसळत होता. ते वर्णनाने सुधारायला जाऊ नये, प्रत्येक प्रयत्नाला क्रेडिट जातं. सावलीपुरता कलर बॅलन्स दोन मिनिटांत होतो. शेवटी 200 टक्क्यांवर जाऊन दाणा पाहते. नवा भाग नेहमी जास्त गुळगुळीत असतो, त्याच्यावर थोडा नॉइज घालावाच लागतो. कर्व्ह्जचा लेयर मग काढून टाकायचा, मी एकदा तो तसाच ठेवून फाइल पाठवली होती.

चित्रांच्या बाबतीत रीत तीच, फक्त उन्हाऐवजी माध्यम वाचायचं. एका गोष्टीच्या पुस्तकात चित्रकाराच्या परवानगीने मागच्या टेकडीवर एक शेळी घालायची होती. ‘इलस्ट्रेशन’ किंवा ‘मुलांच्या पुस्तकासारखं’ लिहिलं की गुळगुळीत, गोबऱ्या चेहऱ्याचं काहीतरी येतं. त्याऐवजी कागदावर हाताने जे घडलंय ते लिहिलं:

```
small brown goat, flat gouache, soft painted edges,
muted colours, rough paper texture
```

मूळ चित्रात बाह्यरेषा नव्हती, पण ‘रेषा नको’ न लिहिता ‘मऊ रंगवलेल्या कडा’ लिहिलं. बरंच जुळलं. मात्र पेनाच्या रेषांची चित्रं असतील तर मी हा मार्ग धरत नाही. रेषेची जाडी आणि हाताचा दाब शब्दांनी येत नाही, संदर्भ-चित्र जोडूनही माझ्याकडून तो पूर्ण जुळलेला नाही. तिथे चित्रकारालाच फोन करते.

एका गोष्टीत मात्र वर्णन कितीही नेमकं केलं तरी हाती काही लागत नाही: स्वतः उजेड देणारी वस्तू. त्याच मुखपृष्ठाचा दुसरा, संध्याकाळचा नमुना करताना तांब्याच्या जागी पेटलेली पणती हवी होती. पणती सुरेख आली, ज्योतही आली, पण खांबावर तिचा उजेड नव्हता, कारण खांब निवडीच्या बाहेर. खांबासकट निवड केली तर खांबच नवा झाला, वाड्याचा राहिला नाही. शेवटी पणती तिथून घेतली, आणि खांबावरचा, फरशीवरचा उजेड सॉफ्ट लाइट लेयरवर केशरी रंगाच्या मऊ ब्रशने हाताने भरला, ज्योतीपासून लांब जाईल तसा झपाट्याने कमी करत. त्याला चाळीस मिनिटं लागली. छापायला तोच नमुना गेला.