हिंगणघाटचा फ्लॅट विकावा की नागपूरचा?

समुद्रपूर तालुक्यातल्या माझ्या मामेभावाला दोनपैकी एक फ्लॅट विकायचा आहे. खरेदीची किंमत बाजूला ठेव, आज विकला तर हातात किती येतील त्यावर भाड्याचं उत्पन्न मोज, असं मी त्याला सांगितलं.

हिंगणघाटच्या फ्लॅटचे आज २२ लाख येतात, भाडं ८,०००. एक महिना रिकामा, कर आणि डागडुजी वजा जाता वर्षाला ७८,००० उरतात, म्हणजे साडेतीन टक्के. नागपूर बेसाचा ४५ लाखांचा, भाडं १३,०००. पण सोसायटीचेच वर्षाला ३०,००० जातात. रिकामा महिना आणि दुरुस्ती धरून लाखभर उरतात. सव्वादोन टक्के!

किंमत मात्र नागपूरचीच वाढेल असं वाटतं. तरी जाहिरातीतला भाव धरू नये. त्याच इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयातला विक्रीच्या किमतीचा उतारा, काढून पाहावी. जुन्या फ्लॅटला नव्या स्कीमचा भाव मिळत नाही.

त्रासाचं म्हणाल तर नागपूरचा वरच्या मजल्यावर आहे, दर पावसाळ्यात स्लॅब गळतो. गच्ची सोसायटीची, त्यामुळे वॉटरप्रूफिंग एकट्याच्या हातात नाही. तिथे पोरं भाड्याने राहतात, परीक्षा झाली की खोली सोडतात. हिंगणघाटला शिक्षक कुटुंब आहे, भाडं पाच तारखेच्या आत येतं.

दर महिन्याला पैसा लागत असेल तर नागपूरचा विकावा. भाड्याची गरज नसेल, मुलं नागपुरात शिकणार असतील आणि सोसायटीने गच्चीचं काम ठरावात घेतलं असेल, तर हिंगणघाटचा. भावाला भाड्याचा आधार लागतो. त्याने बेसाचा काढावा.